पंधरा नव्हे, अठरा

गुरुवारी सकाळी ओकाईबाबांचा फोन आला तेव्हा एसिनाम जिन्याच्या अकराव्या पायरीवर होती. अक्राच्या अडाब्राका भागातल्या त्या इमारतीला सव्वीस पायऱ्या, खाली औषधांचं दुकान, वर त्यांची जाहिरात कंपनी, आणि तिचा डावा गुडघा अकराव्या पायरीला रोज हजेरी लावायचा. तिने कठड्याला टेकून फोन घेतला.

"पोरी, तुझ्या कागदावर तारीख चुकलीय," ओकाईबाबा म्हणाले. ढोलवाल्यांच्या पथकाचे ते म्होरके. वय विचारलं की दरवर्षी बहात्तरच सांगायचे. "चार जून लिहिलंय."

"चारच आहे, बाबा. मंगळवार. माकोला बाजारात."

पलीकडे बाबा हसायला लागले, आणि त्या हसण्यात काहीतरी असं होतं की एसिनाम पायरीवरच बसली.

"चार जूनला मी माकोलात ढोल घेऊन उभा राहू? ढोलबंदी तेरापर्यंत आहे, बाई. राजवाड्याची पोरं येतील, माझे ढोल उचलून नेतील, आणि वर माझ्याच घराण्यातली म्हातारी माणसं मला बोलावून विचारतील की ओकाई, तुझं डोकं कुठंय? तू म्हणशील, कागदावर लिहिलं होतं."

"तेरा जून," एसिनाम म्हणाली.

"गुरुवार. पेरलेल्या मक्याला महिनाभर शांतता लागते, हे तुला मी सांगायचं? वीस वर्षं अक्रात राहतेस!"

एकवीस. पण ते बोलण्यात काही अर्थ नव्हता. ढोलबंदी सुरू आहे हे तिला काय माहीत नव्हतं? मागच्या रविवारी चर्चमध्ये ती नुसत्या टाळ्यांवर गायली होती, आणि मनातल्या मनात म्हणाली होती, बरं आहे, डोकं तरी दुखत नाही. बंदी आहे हे माहीत होतं. संपते कधी, एवढंच तिने बघितलं नव्हतं. गेल्या वर्षी मे सरता सरता संपली होती. फेब्रुवारीत आराखडा करताना यंदाच्या तारखा जाहीर व्हायच्या होत्या, म्हणून तिने गेल्या वर्षीचीच ओळ उतरवली: 'ढोलबंदी, मेअखेर.' जाहीर झाल्या की दुरुस्त करू, असं तेव्हा ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे तिने ठरवलं होतं.

उरलेल्या पंधरा पायऱ्या चढताना तिने फोनमध्ये शोधलं. चर्चच्या गटावर एप्रिलमध्येच पत्रक आलं होतं, तारखांसकट. खाली एकतीस जणांनी अंगठे उमटवले होते. त्यातला एक तिचा.

ऑफिसात पोचल्यावर तिने पर्स ठेवली, पंखा लावला आणि खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिली. वाईट बातमी कळवायची पत्रं तिने सतरा वर्षांत इतकी लिहिली होती, की पत्राची सुरुवात हाताला आपोआप सुचायची. थकवा आला होता तो या पत्राचा नव्हे, मागच्या सगळ्यांचा. कधी छापखाना, कधी वीज, कधी गायकाचा घसा. दर वेळी कुणाचं तरी काहीतरी व्हायचं आणि पत्र एसिनाम लिहायची. या वेळी मात्र दुसऱ्या कुणाचं काहीच झालं नव्हतं.

आणि गिऱ्हाईक कोण, तर पेजवाले. टेमाच्या कारखान्यात बाजरीच्या आंबट-तिखट पेजेची पूड पुड्यांत भरणारी कंपनी. उकळतं पाणी घातलं की न्याहारी तयार. ही पूड चार जूनला पहिल्यांदा बाजारात येणार होती, माकोलात ढोल वाजवून. या सात माणसांच्या ऑफिसातलं निम्म्याहून जास्त काम त्यांचं, आणि ते तिकडून लॅम्टीबाई बघायच्या. केसांच्या तेलवाले महिन्यापूर्वी सोडून गेले होते. पेजवाल्यांचा करार जुलैत नवा व्हायचा होता, आणि तो झाला नाही तर सातांतले तीन, फार तर चार जण उरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणते चार, एवढंच कुणी बोलत नव्हतं.

मालकांना, ओफोसुहेने साहेबांना, तिने उभ्यानेच सांगितलं. साहेबांनी ही कंपनी आपल्या हातांनी उभी केली होती. माणूस वाईट नव्हता. फक्त घाबरला की फार हुशार व्हायचा.

"आत्ता लगेच काही कळवू नकोस," ते म्हणाले. "सोमवारी बघू. मी एकाला ओळखतो, त्याचा मेहुणा राजवाड्यात उठतो-बसतो."

"साहेब, मेहुण्याने बंदी उठत नाही."

"मग पत्रकच उशिरा आलं असं लिही. परंपरेपुढे कोण काय बोलणार?"

"पत्रक एप्रिलमध्ये आलं. लॅम्टीबाई स्वतः गा जमातीच्या आहेत, ही बंदी त्यांचीच. त्यांच्या आईचं घर जेम्सटाउनला, ढोल बंद होतात ते त्यांच्याच दारात."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "बरोबर! आणि आराखड्यावर सही कुणाची? त्यांचीच! त्यांना दिसू नये? हे लिही. सौम्य शब्दांत लिही, पण लिही."

ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं, अठराव्या-एकोणिसाव्या पायरीला, आणि त्याची तिला लाज वाटली होती.

"आणि तारीख पंधरा दे," साहेब म्हणाले. "तेराला बंदी संपते, शनिवारी पंधराला दणक्यात उद्घाटन. अकरा दिवसांचाच उशीर. अकरा बरे दिसतात."

"पंधराला जमायचं नाही."

"जमवू. सगळे मिळून कामाला लागू. शनिवार-बिनिवार बघायचा नाही."

ती बाहेर आली. हमिदातू आपल्या टेबलावर वाचे खात होती. भात, चवळी आणि वर अर्धं उकडलेलं अंडं. रेडिओच्या वेळा आणि बाहेरगावचे कार्यक्रम तिच्याकडे असायचे. तामालेची बाई, आवाज खणखणीत. दार बंद असलं तरी तिला सगळं ऐकू गेलेलं असायचं.

"पंधरा म्हणाले ना?" तिने विचारलं. "बंदी उठल्यावरचा पहिला शनिवार! महिनाभर थांबलेल्या सगळ्या मयतांचे सोहळे त्या दिवशी. अक्रात त्या दिवशी एक खुर्ची भाड्याने मिळाली तर मी ही प्लेट चावून खाईन."

"त्यांना वाटतं, जमेल."

"त्यांच्याच मामांचा सोहळा आहे त्या दिवशी. मला वर्गणीचं पाकीट आलंय."

एसिनामला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जरा बरं वाटलं. तिने खुर्ची ओढली. "हमी, मला पत्र लिहायच्या आधी खरं काय काय उरलंय ते हवं. खरं म्हणजे फोन करून विचारलेलं. होईल-बिईल नको."

दोघींनी तासभर फोन केले. ओकाईबाबा म्हणाले, पंधराला त्यांच्या पथकाला तीन मयती आहेत, सोळाला चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थना, सतराला पोरं मेल्यासारखी झोपतील. अठराला, मंगळवारी, सकाळी आठ वाजता ते माकोलाच्या तोंडाशी उभे असतील. "आणि लिहून घे, त्या दिवशी पोरं बंदीनंतरची असतील. हात शिवशिवलेले." मांडववाल्याने अठरा पक्की केली. ध्वनिवाल्यानेही. रेडिओला काही धक्का नव्हता. चार जूनपासून जाहिरात वाजणार, दुकानांत माल तीनलाच पोचणार. बाहेरगावचं, कोफोरिडुआचं उद्घाटन वीस जूनला ठरलं होतं. तिथे ही बंदी नाही, पथक तिथलंच. हमिदातूने तिथल्या माणसाला विचारलं, सहा जूनला करता येईल का? तो म्हणाला, विचारून सांगतो. ती म्हणाली, "मी फोन धरून बसते, तू विचार." वीस मिनिटं ती फोन कानाला लावून चवळी खात राहिली. मग म्हणाली, "सहा पक्की."

"आणि चारला?" एसिनाम म्हणाली. "चारला रेडिओवर पेज-पेज होणार आणि माकोलात आपण गायब?"

"आवाज बंद आहे. तोंड कुठे बंद आहे? चाखायला द्या."

सहा टेबलं, सहा शेगड्या, कागदी पेले. भोंगा नाही, ढोल नाही. मात्र माकोलात टेबल लावायचं तर तिथल्या भाजीवाल्यांच्या म्होरक्या राणीबाईंना भेटून परवानगी घ्यायला हवी, आणि राणीबाई सोमवारपर्यंत गावाला गेलेल्या. ते तसंच लिहायचं ठरलं.

साडेअकराला एसिनामने लॅम्टीबाईंना दोनदा फोन केला. उचलला नाही. मग तिने पत्र लिहिलं. साहेबांनी 'अनपेक्षित परिस्थितीमुळे' अशी सुरुवात करून तिला एक मसुदा पाठवला होता. तो तिने उघडला, वाचला आणि बाजूला ठेवला. तिचं पत्र असं झालं:

*लॅम्टी मॅडम,*

*दोनदा फोन केला, तुम्ही कामात असाल म्हणून लिहिते. माकोलाचं उद्घाटन ४ जूनला होणार नाही. ते मंगळवारी, १८ जूनला होईल. चौदा दिवसांचा उशीर.*

*कारण: ढोलबंदी १३ जूनपर्यंत आहे. आराखड्यात मी मेअखेर असं लिहिलं होतं, ते गेल्या वर्षीवरून. यंदाच्या तारखा एप्रिलमध्ये जाहीर झाल्या, तेव्हा मी ताडून बघायला हवं होतं. बघितलं नाही. चूक माझी आणि आमच्या कंपनीची आहे.*

*जे ठरल्याप्रमाणे होईल: दुकानांत माल ३ जूनला, रेडिओ ४ जूनपासून.*

*जे बदलतं: कोफोरिडुआचं उद्घाटन २० ऐवजी ६ जूनला. पथक, जागा, मांडव पक्के केले आहेत. जबाबदारी हमिदातू यांची. माकोलात ४ जूनला आवाज न करता सहा टेबलांवर पेज चाखायला देऊ. राणीबाईंची परवानगी अजून मिळालेली नाही. सोमवारी त्यांना मी स्वतः भेटेन. ती मिळाली नाही, तर तीच टेबलं बाजाराबाहेरच्या सहा दुकानांच्या दारात लागतील.*

*१५ तारीख का नाही: बंदीनंतरचा पहिला शनिवार आहे. पथक, मांडव, ध्वनिवाले, काहीच मोकळं नाही. १८ साठी तिघांचेही होकार घेतले आहेत.*

*तुमच्याकडून हवं: कोफोरिडुआच्या तारखेला उद्या दुपारी बारापर्यंत होकार किंवा नकार. ४ जूनच्या तारखेने काही छापायला गेलं असेल, तर ते कृपया आजच थांबवा.*

*१८ जूनपर्यंत रोज दुपारी चार वाजता, काही घडलं असो वा नसो, मी तुम्हाला कळवेन.*

*एसिनाम क्पोडो*

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"'चूक माझी.' हे कुठे नेऊन ठेवतील माहीत आहे? करार तोडताना पहिल्या पानाला टाचून लावतील."

"लावतील कदाचित."

"आणि सहीचा उल्लेख नाही."

"साहेब, त्यांनी सही केलीय हे त्यांना माहीत आहे. मी लिहिलं तर पहिल्या ओळीपासून त्या फक्त भांडतील. अठरा कुणी वाचणारच नाही."

"पंधरा लिहिलं असतंस तर..."

"पंधरा लिहिलं तर त्या गा बाई आहेत, त्या हसतील. मग बाकीचं खरं असलं तरी खोटंच वाटेल." ती खुर्चीतच मागे वळली. "तुमच्या मामांना माती देणार आहात ना तुम्ही पंधराला?"

साहेबांनी हमिदातूकडे बघितलं. हमिदातू तिच्या अंड्याकडे बघत होती.

"पाठव," साहेब म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटलं. एसिनामने ते बघितलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी पत्र गेलं. वाचल्याची खूण सव्वाबाराला उमटली. मग काही नाही.

एक वाजला. दोन वाजले. वीज गेली, आली. हमिदातूने तिच्यापुढे उरलेला भात सरकवला आणि तिने तो थंडच खाल्ला. हिशोब बघणारी पॅट्रिशिया उगाचच दोनदा पाणी प्यायला उठली आणि दोन्ही वेळा एसिनामच्या टेबलाजवळून गेली. तीन वाजता साहेबांनी दार किलकिलं करून भुवई वर केली. तिने नकारार्थी मान हलवली. दार पुन्हा लोटलं गेलं.

तिला एकसारखं वाटत होतं की फोन करावा, अजून एक ओळ टाकावी, 'मिळालं का मॅडम?' असं विचारावं. पण मिळालं होतंच. आणि समोरच्या बाईला आता हीच बातमी घेऊन स्वतःच्या मोठ्या साहेबांपुढे जायचं होतं. तिला तेवढा वेळ द्यायला हवा. एखाद्याच्या हातात विस्तव ठेवायचा आणि वर विचारायचं, गरम आहे का?

चार वाजता तिने लिहिलं: *लॅम्टी मॅडम, आजचं: कोफोरिडुआच्या मांडवाचं पत्र हातात आलं, जोडलं आहे. राणीबाईंच्या मुलीशी बोलले, सोमवारी नऊची वेळ मिळाली. बाकी दुपारच्या पत्राप्रमाणेच. उद्या चारला पुन्हा.*

"त्यांनी उत्तर दिलं नाही तरी?" हमिदातूने विचारलं.

"मी लिहिलं होतं ना, रोज चारला."

"हट्टी आहेस."

"हट्ट कसला? दमलेय. दमल्यावर माणूस लिहिल्याप्रमाणेच करतो, नवं काही सुचत नाही."

फोन वाजला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"एसिनाम," लॅम्टीबाई म्हणाल्या. आवाज घोगरा, बोलून बोलून झालेला. "तू आधी गप्प बस आणि ऐक."

"ऐकते, मॅडम."

"निमंत्रणाच्या चारशे कार्डांचा कागद आज दोन वाजता छपाईला चढणार होता. चार जून, सोनेरी अक्षरात. राणीबाईंसकट चारशे बायकांच्या हातात ती कार्डं पडली असती. ढोलबंदीत ढोलाचं निमंत्रण, आणि खाली नाव माझं! लॅम्टी! जेम्सटाउनला माझ्या आईने मला दारात उभं केलं नसतं."

एसिनामने डोळे मिटले. सोमवारी बघू, साहेब म्हणाले होते.

"थांबवलीत ना?"

"थांबवली म्हणून तर बोलतेय तुझ्याशी. नाहीतर वकील बोलला असता." पलीकडे खुर्ची करकरली. "मग वर गेले. मोठ्या साहेबांना तुझं पत्र आहे तसं दाखवलं. मला काही नवीन लिहायची ताकदच नव्हती. त्यांनी विचारलं, आराखड्यावर सही कुणाची? मी म्हटलं, माझी. मला चाळीस वर्षं ही बंदी माहीत आहे, साहेब, आणि मीही बघितलं नाही."

"मॅडम, ते तुम्ही..."

"गप्प बस म्हटलं ना! तू लिहिलं असतंस तर मी नाकारलं असतं. तू लिहिलं नाहीस, म्हणून मला बोलावं लागलं. याचा राग आलाय मला, कळलं?"

"कळलं."

"कोफोरिडुआला होकार. चाखायच्या टेबलांना होकार. करारावर मोठे साहेब काही बोलले नाहीत. म्हणाले, अठरा होऊ दे. अठराची एकोणीस झाली, एसिनाम, तर मी तुझ्यासाठी तोंड उघडणार नाही. आजच सांगून ठेवते."

"अठराच होईल."

"आणि एक. पंधरा लिहिलं असतंस तर मी पुढचं वाचलंच नसतं. माझ्या मावशीचा सोहळा आहे पंधराला. अख्ख्या अक्राच्या मावश्या आहेत त्या दिवशी." त्या हसल्या की खोकल्या, हे काही कळलं नाही. फोन बंद झाला.

एसिनाम आत गेली आणि साहेबांना सांगितलं. ड्रॉवरमधून त्यांनी दोन आल्याच्या वड्या काढल्या, एक तिला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. त्यांच्याकडून माफी असायची ती एवढीच.

पुढचे बारा दिवस तिने रोज चारला लिहिलं. सोमवारी राणीबाईंनी दीड तास बसवून ठेवलं, मग परवानगी दिली, आणि सहातली चारच टेबलं म्हणाल्या. तिने चारला तसंच लिहिलं: सहा नाही, चार, उरलेली दोन दुकानांच्या दारात. एके दिवशी कळवण्यासारखं काहीच नव्हतं, तर तिने 'आज काही हललं नाही' असं कळवलं.

चार जूनला माकोला ढोलाशिवाय तसा काही गप्प नव्हता. बायकांना ओरडायला ढोल लागत नाहीत. पण भोंगा नव्हता, म्हणून वास पोचला. आलं, मिरी, लवंग, आंबलेली बाजरी. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया थांबल्या, टोपली न उतरवता पेला तोंडाला लावला, नाक मुरडलं, पुन्हा मागितला. एक म्हणाली, "माझ्या आजीसारखी नाही." दुसरी म्हणाली, "तुझी आजी पहाटे चारला उठायची. तू उठतेस का?"

अकराच्या सुमाराला लॅम्टीबाई आल्या. चपला हातात, पाय सुजलेले. एसिनामशेजारी लाकडी खोक्यावर बसल्या आणि पेजेचा पेला घेऊन फुंकर मारत राहिल्या. बोलण्यासारखं होतं ते रोज चारला बोलून झालं होतं.

"मोठ्या साहेबांनी जुलै ते सप्टेंबरचा आराखडा मागितलाय," लॅम्टीबाई शेवटी म्हणाल्या. "करार नाही म्हणाले. आराखडा म्हणाले."

"आराखडा तर आराखडा."

"अठरानंतर बघतील ते."

"बघू दे."

लॅम्टीबाईंनी पेला रिकामा केला आणि पर्समधून एक चुरगळलेली वही काढली. "लिही. या वेळी दोघी मिळून. ऑगस्टमध्ये आमचा सण, तो शनिवार गेला. टेमाच्या बंदीच्या तारखा मी आईला विचारते, तू अंगठे उमटवत बसू नकोस."

"अंगठ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हमिदातूने. फोनवर. मी विचारलंही नव्हतं."

एसिनामने टेबलाच्या पलीकडे बघितलं. हमिदातू एका गिऱ्हाइकाशी खणखणीत आवाजात हळू बोलायचा प्रयत्न करत होती. एसिनामने वही गुडघ्यावर घेतली, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. वर लिहिलं, 'जुलै'. आणि तारखा टाकायच्या आधी दोघींनी, बाजाराच्या त्या गलक्यात बसून, कुठल्या दिवशी काहीच करता येणार नाही, ते मोजायला सुरुवात केली.